मदत हवी आहे: निबंधांवर मस्त चालणारा डिटेक्टर ट्वीटवर साफ झोपतो

अर्धाकप: मशीनने लिहिलेलं ओळखणारा क्लासिफायर बनवलाय. डेटा म्हणजे विद्यार्थ्यांचे निबंध आणि त्याच विषयांवर मॉडेलकडून लिहून घेतलेले निबंध, साधारण ४०० शब्दांचे. बाजूला ठेवलेल्या निबंधांवर १०० पैकी ९६ बरोबर आले म्हणून खुशीत ट्वीट, फोरम पोस्ट, चॅट दिले (निम्मे माणसांचे, निम्मे मशीनचे) तर १०० पैकी ५५, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं! मशीनची बहुतेक ट्वीट ‘माणूस’ म्हणून सुटतात, आणि एकाने नीट परिच्छेद पाडून लिहिलेली पोस्ट मात्र ‘मशीन’. कुठे चुकतंय?

बोरूबहाद्दर: लांबी, दुसरं काय. ‘हो यार सेम इकडे पण’ यात ओळखणार कशावरून? एकाच अकाउंटची वीसेक ट्वीट जोडून दे, काम फत्ते.

गुरुजी७२: आमच्या वर्गातल्या मुलाचा निबंध अशाच एका टूलने मशीनचा ठरवला, पोरगं रडकुंडीला आलं. तुमचं टूल वापरून बघू का?

निशा_क: गुरुजी, नका. नुसत्या स्कोअरवरून पोराला दोषी धरू नका, हे टूल असो की ते.

अर्धाकप, लांबी खरी पण ती अर्धीच गोष्ट. टेस्टचे निबंध कापून २५-२५ शब्दांचे तुकडे कर आणि तेच दे. जेवढे मार्क तिथे कमी होतील तेवढे लांबीमुळे, बाकीची घसरण दुसऱ्या कशामुळे तरी. मग मशीनचे पूर्ण निबंध घे, वाक्यं तीच ठेव, फक्त विरामचिन्हं उडव आणि शुद्धलेखनाच्या चारदोन चुका घाल. गबाळं म्हणजे विद्यार्थी नि चकाचक म्हणजे मशीन, एवढ्या एका खुणेवर तुझ्या डेटात भागत असेल तर मॉडेल दुसरं काही शोधणारच नाही. ट्वीटमध्ये सगळेच गबाळं लिहितात, आणि मशीनलाही तसंच लिहायला सांगितलेलं असतं.

अर्धाकप: केलं. तुकड्यांवर ७८. म्हणजे ४१ मार्कांच्या घसरणीतले १८ लांबीचे. दुसऱ्या टेस्टला मशीनच्या ५० पैकी ४१ निबंध ‘माणूस’ झाले 🤦

बोरूबहाद्दर: मग थ्रेशोल्ड ०.५ वरून ०.२ वर आण, मशीनवाली सापडतील.

निशा_क: सापडतील, पण सोबत माणसंही अडकतील. आधी ट्वीटमधले माणसांचे आणि मशीनचे स्कोअर शेजारी मांडून बघ. मशीनचे वर असतील तर थ्रेशोल्डची रेघ सरकवून फायदा आहे, एकमेकांत मिसळले असतील तर रेघ कुठेही ने, एकीकडे सुधारेल तेवढं दुसरीकडे बिघडेल. आणि ट्वीट जोडायचं म्हणशील तर अर्धी स्वतः लिहिलेली, अर्धी मशीनची अशी अकाउंटं असतात, त्यांचं काय करणार? ट्रेनिंगमध्ये ट्वीट घालावीच लागतील, मशीनची बनवताना एकच प्रॉम्प्ट नको, नाहीतर मॉडेल तो प्रॉम्प्टच पाठ करेल.

अर्धाकप: बघितलं, ट्वीटचे स्कोअर मिसळलेत, फोरम पोस्टचे जरा वेगळे दिसतायत, तिथे रेघ सरकवतो. पण चॅटमध्ये एका मेसेजला सहासात शब्द, तिथे नवीन डेटा घालूनही काही होईल का? कोणी केलंय?