उत्तर: लिमसुप म्हणजे सुप्रीमम नव्हे

> «a_n = (-1)^n (1 + 1/n) ची सगळ्यात मोठी टर्म 3/2 आहे, मग लिमसुप 1 कसा काय?»

कारण लिमसुपला सुरुवातीच्या टर्म्सशी काही देणंघेणं नसतं, तो फक्त शेपटी बघतो. टर्म्स लिहून काढ: -2, 3/2, -4/3, 5/4, -6/5, 7/6... आता पहिल्या n-1 टर्म्स उडवायच्या आणि उरलेल्यांचा सुप्रीमम घ्यायचा, त्याला s_n म्हणू. s_1 आणि s_2 दोन्ही 3/2, पण दुसरी टर्म उडाली की s_3 = s_4 = 5/4, मग 7/6, असं ते खाली खाली येत 1 कडे जातं, आणि तोच लिमसुप. खालच्या बाजूला तसंच, शेपटीचे इन्फिमम -2, -4/3, -4/3, -6/5 असे वर चढत -1 कडे जातात, म्हणून लिमिन्फ -1. दोन्ही वेगळे आले म्हणजे लिमिट नाही.

गंमत म्हणजे इथे सम n ची प्रत्येक टर्म 1 पेक्षा मोठीच आहे, म्हणजे लिमसुपच्या वर अनंत टर्म्स असू शकतात, फक्त 1.01 घेतलास तर त्याच्या वर मोजक्याच उरतात (n = 2 ते 98 मधल्या सम).

आणि हो, बेरजेत सांभाळ. b_n = (-1)^(n+1) घे, त्याचाही लिमसुप 1, पण a_n + b_n = (-1)^n / n, त्याचा लिमसुप 0 येतो, 2 नाही. बाउंडेड सीक्वेन्सला बेरजेचा लिमसुप लिमसुपांच्या बेरजेपेक्षा जास्त होत नाही एवढीच खात्री, बरोबरी हवी असेल तर दोघांपैकी एक तरी कन्व्हर्जंट असला की काम होतं.