मदत हवी आहे : सभेच्या नोटिशीतलं मताचं वाक्य मराठीत कसं लिहू?

आर्वीकडच्या आमच्या २४ घरांच्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे. नोटीस इंग्रजीत आली, मराठी करायचं काम माझ्याकडे. विषयपत्रिका जमली: मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे, हिशेबपत्रकं मंजूर करणे, लेखापरीक्षक नेमणे. 'गणपूर्ती' कोणाला कळत नाही म्हणून सरळ लिहिलं, "१६ सभासद आल्याशिवाय सभा सुरू होणार नाही." उपविधीत दोन तृतीयांश किंवा २०, यातला कमी आकडा धरतात, आमचे १६च होतात.

अडलं ते मतापाशी. शेजारच्या काकूंच्या भाग दाखल्यावर पहिलं नाव त्यांचं, दुसरं काकांचं. मागच्या वर्षी दोघांनीही हात वर केला अन् मोजणीत घोळ झाला. कायद्याप्रमाणे दोघांत मिळून एकच मत: काकू हजर असल्या तर त्यांचं, नसल्या तरच काकांचं. मुलाचं नाव दाखल्यावर नाही, तर चिठ्ठी घेऊन आला तरी मत नाही.

मी असं लिहिलं आहे: "भाग दाखल्यावर ज्यांचं नाव आधी, त्यांनी मत द्यावं. ते सभेला नसतील तरच पुढच्या नावाच्या व्यक्तीने द्यावं. आपल्या बदली दुसऱ्याला मत द्यायला पाठवता येणार नाही."

'प्रतिनिधी' शब्द मुद्दाम टाळला, लोकांना तो कमिटीचा माणूस वाटतो. पण 'बदली' वाचून नोकरीतली बदली तर आठवणार नाही ना? याहून सोपा शब्द तुमच्याकडच्या नोटिशीत असेल तर सांगा जी.