घरच्या वायफायवर कॅपचा संपतच नाहीये, मदत हवी आहे

भांडुपची_मेघना
गेले चार दिवस डोकं फिरायची वेळ आलीये. धाकट्या भावाच्या परीक्षेचा फॉर्म भरायचाय, शुक्रवार शेवटचा दिवस, आणि साइट नुसती कॅपचावर कॅपचा देतेय. बस निवडा, झेब्रा क्रॉसिंग निवडा, सगळं बरोबर निवडलं की परत पहिल्यापासून. मधूनच पांढरं पान येतं, Access Denied, खाली लांबलचक रेफरन्स नंबर. ब्राउझर बदलला, कुकीज उडवल्या, शेजारणीचा लॅपटॉप आणून बघितला, काही फरक नाही. पटकन सांगा प्लीज.

साष्टीकर
राउटर पाच मिनिटं बंद ठेव, मग चालू कर. आयपी बदलतो आणि काम होतं. माझं दोनदा झालंय.

पेन्शनर_दादर
लॅपटॉपची तारीख-वेळ बघा. आमच्याकडे घड्याळ मागे पडलं होतं तर असंच व्हायचं.

रात्रपाळी_कुर्ला
मेघनाताई, तीन गोष्टी सांगा. मोबाइल डेटावर तीच साइट उघडते का? नेट कुणाचं आहे, मोठ्या कंपनीचं की बिल्डिंगच्या केबलवाल्याचं? आणि राउटरच्या स्टेटस पानावर WAN समोर कोणता आकडा दिसतो? शेवटचे दोन भाग इथे लिहू नका.

भांडुपची_मेघना
हो, मोबाइल डेटावर एका झटक्यात उघडते, ते लिहायचं राहिलं. पण फॉर्ममध्ये स्कॅन केलेली सर्टिफिकेटं जोडायचीत, सगळं लॅपटॉपवर आहे. नेट केबलवाल्याचं. घड्याळ बरोबर आहे, काका. राउटर कालपासून सहा वेळा बंद-चालू केला. WAN ला 100.72 ने सुरू होणारा आकडा आहे.

रात्रपाळी_कुर्ला
आधी फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉपवरून फॉर्म भरून टाका, शुक्रवारची वाट बघू नका. बाकीचं नंतर.

आता कारण. 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत, प्रोव्हायडर ते आपल्या नेटवर्कच्या आत वापरतो. म्हणजे तुमच्या घराला स्वतःचा बाहेरचा पत्ता नाहीच. केबलवाल्याकडे बाहेरचे पत्ते मोजके आणि एकेका पत्त्यामागे बरीच घरं. ह्याला सीजीनॅट म्हणतात. आपल्या आशिया-पॅसिफिक भागात नवीन पत्त्यांचा मोकळा साठा 2011 मध्येच संपत आला, त्यामुळे लहान प्रोव्हायडरला दुसरा इलाजही नसतो. त्यातल्या एका घरातल्या मशीनने रात्रभर कुठल्या साइटवर पासवर्ड ठोकले की तो पत्ताच बदनाम होतो आणि सगळ्यांनाच कॅपचा. साष्टीकर म्हणतात तसं रीस्टार्ट केल्यावर आतला आकडा बदलेल, बाहेरचा बदलेलच असं नाही.

साष्टीकर
पण माझं झालं ना भाऊ, थिअरी काहीही असो.

रात्रपाळी_कुर्ला
तुमच्याकडे राउटरलाच थेट बाहेरचा पत्ता मिळत असेल, तर रीस्टार्टने नवीन मिळू शकतो. WAN वरचा आकडा आणि बाहेरच्या साइटवर दिसणारा आकडा एकच आहे का बघा.

गिरगाव_ऋषी
एवढं कशाला, फ्री व्हीपीएन टाका, दोन मिनिटांत काम.

रात्रपाळी_कुर्ला
नका टाकू. फ्री व्हीपीएनचे पत्ते तर आणखी बदनाम असतात, डेटा सेंटरचा पत्ता दिसला की काही साइट सरळ दारातूनच परत पाठवतात. वर काही फुकट ॲप तुमचीच लाइन दुसऱ्यांना भाड्याने देतात, म्हणजे दुसऱ्याचे उद्योग तुमच्या घरच्या पत्त्यावरून.

गिरगाव_ऋषी
मी दोन वर्षं वापरतोय, मला कधी कॅपचा आला नाही. उगाच घाबरवू नका लोकांना. आणि मोबाइलवर पण सीजीनॅटच असतं ना? मग तिथे का चालतं?

रात्रपाळी_कुर्ला
प्रश्न बरोबर आहे. मोबाइलवर बऱ्याचदा आयपीव्ही6 असतं, साइटलाही ते असेल तर फोन त्या वाटेने जातो आणि तिथे पत्ता वाटून घ्यावा लागत नाही. नसेल तरी मोठ्या मोबाइल कंपनीच्या एका पत्त्यामागे हजारो गिऱ्हाईकं आहेत हे साइटवाल्यांना माहीत असतं, तो अडवला तर त्यांचंच नुकसान, म्हणून हात जरा सैल ठेवतात. छोट्या केबलवाल्याला ती सूट क्वचित मिळते.

मेघनाताई, अजून एक. नुसतं Access Denied म्हणजे पत्ता अडवलाय. पण कॅपचा बरोबर सोडवूनही परत येतो त्याचं कारण वेगळं असू शकतं. काही साइट पास झाल्याची खूण त्या पत्त्याशी बांधतात. केबलवाल्याच्या मशीनने पुढची रिक्वेस्ट दुसऱ्या पत्त्यावरून सोडली की साइटला वाटतं हा कुणी वेगळाच. लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टवर हे थोड्या थोड्या वेळाने पाच-सहा वेळा चालवा:

```
curl -4 https://ifconfig.me
curl -6 https://ifconfig.me
```

विक्रोळी_आई
मला बँकेचा ओटीपीच येत नाहीये दोन दिवस, ते पण ह्याच्यामुळे का?

पेन्शनर_दादर
नाही हो ताई, तो सिमचा प्रश्न. वेगळा धागा काढा.

चेंबूर_सचिन
अच्छा, म्हणून माझा दुकानाचा सीसीटीव्ही बाहेरून दिसत नाही! माझा पण WAN 100.80 आहे. पोर्ट फॉरवर्ड करून करून थकलो, दोन टेक्निशियन येऊन पैसे घेऊन गेले.

भांडुपची_मेघना
फॉर्म हॉटस्पॉटवरून भरला!! पावती आली. खूप खूप आभार.
आता तुमची टेस्ट. सहा वेळा चालवलं, चार वेळा एक आकडा आणि दोन वेळा दुसरा. दोन्ही 103 ने सुरू होणारे, शेवट वेगळा. -6 वर नुसती एरर. मग पहिला आकडा check.spamhaus.org वर टाकला तर PBL आणि XBL दोन्हीत नाव आहे. आमचा लॅपटॉप हॅक झालाय का?? बाबा फार घाबरलेत.

रात्रपाळी_कुर्ला
PBL कडे दुर्लक्ष करा. घरगुती पत्त्यांनी थेट मेल पाठवू नये म्हणून ती यादी असते, त्यात असणं नॉर्मल आहे. XBL म्हणजे त्या पत्त्यामागचं कुठलंतरी मशीन बिघडलंय किंवा कुणाच्या ताब्यात आहे. ते तुमचंच असं त्यावरून ठरत नाही, पण नाहीच असंही नाही. घरात स्वस्तातला, नाव नसलेला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स आहे का?

भांडुपची_मेघना
आहे. बाबांनी मॅचसाठी आणलेला. टीव्ही बंद असला तरी राउटरवरचा त्याचा दिवा रात्रभर लुकलुकत असतो, मला वाटायचं तसंच असतं.

रात्रपाळी_कुर्ला
थोडं लुकलुकणं चालतं, अपडेट वगैरे बघत असतो. पण तो काढूनच ठेवा. आणि केबलवाल्याला नुसतं "नेट चालत नाही" म्हणू नका, तो स्पीड टेस्ट दाखवून निघून जाईल. बाहेरचे दोन्ही आकडे, तारीख-वेळ आणि Access Denied चा फोटो द्या. दुसऱ्या पूलमध्ये टाका किंवा स्टॅटिक आयपी द्या म्हणा. आयपीव्ही6 कधी देणार तेही विचारा.

भांडुपची_मेघना
आज तो आला होता. म्हणाला आमच्या विंगमधून अजून तिघांची हीच तक्रार आहे. स्टॅटिक दिला, महिन्याला दीडशे जादा. आयपीव्ही6 बद्दल विचारलं तर "वरून आलं की देऊ". राउटरवर आणि बाहेर आता एकच आकडा दिसतो, परीक्षेची साइट सरळ उघडली. एका शॉपिंग साइटवर मात्र अजून दिवसातून एकदा कॅपचा येतोच.

रात्रपाळी_कुर्ला
हा पत्ता आधी दुसऱ्या कुणाकडे असणार, त्याचा इतिहास तुमच्या वाट्याला आला. काही दिवस जाऊ द्या. आता त्यामागे फक्त तुमचं घर आहे, त्यामुळे महिन्याभराने परत XBL मध्ये आलात तर शोध घरातच घ्यायचा.

चेंबूर_सचिन
सीसीटीव्हीला पण स्टॅटिक घेऊ का मग?

भांडुपची_मेघना
बॉक्स कपाटात ठेवलाय. बाबा रविवारच्या मॅचसाठी मागतायत. तेवढे चार तास लावला तर चालेल का?