मदत हवी आहे: बंद रस्त्यांच्या चौकटीत मार्ग १५ की १९?

धागाकर्ता (जुळे सोलापूर)

नमस्कार. मी आठवी-नववीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. आमच्या वसाहतीतील आडव्या-उभ्या गल्ल्यांवरून मी एक उदाहरण तयार केले आणि स्वतःच त्यात अडकलो. घर नैर्ऋत्य कोपऱ्यात असून शिकवणी ईशान्य कोपऱ्यात आहे. मध्ये पूर्वेकडे ४ आणि उत्तरेकडे ३ टप्पे आहेत. सर्व रस्ते खुले असतील, तर ७ टप्प्यांचे ३५ मार्ग निघतात. आता गटारीच्या खोदकामामुळे रस्त्याचे दोन तुकडे बंद आहेत: (१,१) ते (२,१) आणि (३,१) ते (३,२). कंसातील पहिला अंक पूर्वेचा आणि दुसरा उत्तरेचा आहे. चौक मात्र चारही बाजूंनी वापरता येतात.

प्रत्येक चौकात डावीकडची आणि खालची संख्या मिळवत गेलो, तेव्हा १९ आले. पडताळा म्हणून पहिल्या तुकड्यावरून जाणारे १२ आणि दुसऱ्यावरून जाणारे ८ मार्ग ३५ मधून वजा केले, तर १५ उरले. यांतले चुकीचे कोणते?

बाळीवेसकर

बेरजेचीच रीत धरावी, वजाबाकीच्या नादी लागू नये. मात्र बंद रस्ता ज्या चौकात पोहोचतो, तेथे सरळ ० लिहावे. मी (२,१) आणि (३,२) येथे शून्ये टाकून पाहिली. उत्तर ९ येते. म्हणजे आपली दोन्ही उत्तरे चुकली आहेत.

आलेखवाली

९ हे उत्तर वेगळ्याच प्रश्नाचे आहे. चौकात शून्य लिहिले, की तो चौकच बंद होतो. येथे (२,१) मध्ये पश्चिमेकडून येता येत नाही, पण दक्षिणेच्या (२,० कडील) रस्त्याने खुशाल येता येते. त्यामुळे तेथे १ राहायलाच हवा. शून्य धरायचे ते बंद तुकड्यावरून येणाऱ्या वाट्याचे, चौकाचे नव्हे. त्याचप्रमाणे (३,२) मध्ये खालून काही येत नाही, डावीकडचे ४ मात्र येतात. पूर्ण तक्ता असा होतो (वरची ओळ उत्तरेची):

```
१  ४  ८  १२  १९
१  ३  ४   ४   ७
१  २  १   २   ३
१  १  १   १   १
```

आपल्या वजाबाकीतले १२ आणि ८ दोन्ही बरोबर आहेत. परंतु काही मार्ग दोन्ही बंद तुकड्यांवरून जातात: (१,१) पर्यंत २ प्रकारे, तेथून (३,२) पर्यंत एकाच प्रकारे आणि पुढे पुन्हा २ प्रकारे, म्हणजे एकूण ४. ते दोनदा वजा झाले, म्हणून एकदा परत मिळवावे लागतात; ३५ − १२ − ८ + ४ = १९. बंद तुकडे वाढले, की ही परतफेड किचकट होत जाते. तक्त्यात फक्त आणखी एक वाटा गळतो.

दुचाकीस्वार

मी रोज घरोघरी सामान पोहोचवतो. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते बंद असतात, तेव्हा जवळचा मार्ग कोणता हे या तक्त्यावरून कळेल काय?

आलेखवाली

नाही. हे १९ मार्ग सारखेच, ७ टप्प्यांचे आहेत. तक्ता ते किती आहेत एवढेच सांगतो, त्यांतला बरा कोणता ते सांगत नाही.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. ते ४ मार्ग माझ्या ध्यानातच आले नव्हते. काल वर्गात फक्त (१,०) ते (२,०) हा खालच्या ओळीतला तुकडा बंद ठेवला, तेव्हा एका मुलाने सवयीने खालच्या ओळीत आधीच सगळे १ लिहून टाकले आणि त्याचे उत्तर ३५ आले. रस्ता बंद होऊनही एकही मार्ग कमी होत नाही, यावरूनच चूक पकडता आली. त्या ओळीत बंद तुकड्यानंतर सर्व ० येतात आणि उत्तर २५ निघते.

एक शंका उरली. शेवटच्या चौकातच ० आले, तर मार्गच नाही असे म्हणावे काय?

आलेखवाली

एवढेच म्हणावे, की ७ टप्प्यांचा मार्ग नाही. वळसा घेऊन पोहोचता येत असेल, तर तो किमान ९ टप्प्यांचा असतो, कारण पश्चिमेकडे मागे टाकलेले प्रत्येक पाऊल पूर्वेकडे भरून काढावे लागते, दक्षिणेचेही तसेच. अशा वेळी ओळीने बेरीज चालत नाही. आधी घरापासून प्रत्येक चौकाचे अंतर टप्प्यांत लिहावे, मग प्रत्येक चौकात, ज्या शेजाऱ्यांचे अंतर त्याच्यापेक्षा एकाने कमी आहे आणि मधला रस्ता खुला आहे, त्यांच्याच संख्या मिळवाव्या. मग तो शेजारी वर असो की उजवीकडे.

बाळीवेसकर

शून्याबाबत माझी चूक झाली, मान्य. पण आमच्या भागातल्या गल्ल्यांची लांबी सारखी नसते. तेथे हे टप्पे मोजून काय उपयोग?

धागाकर्ता

माझ्या उदाहरणात त्या सारख्या धरल्या आहेत. असमान लांबीचे एखादे लहान उदाहरण कोणी हाताने सोडवून दाखवल्यास मी ते वर्गात घेईन.