मांजराच्या हनुवटीवरचे काळे दाणे : तुमचे अनुभव सांगा

शहापूरची मावशी
काल भाचीनं निपाणीहून तिच्या बोक्याचा फोटो पाठवला. हनुवटीखाली काळी खसखस सांडल्यासारखी. बघितलं आणि आमची मनी आठवली. ती पांढरीशुभ्र, त्यामुळं लगेच नजरेत यायचं. पुसून निघेना. पिसवांची घाण असेल म्हणून थोडे दाणे ओल्या पांढऱ्या कापसावर चोळले. त्या घाणीत रक्त असतं, त्यामुळं कापसावर तांबूस डाग पसरतो. तसा डाग आला नाही. डॉक्टरांनी हनुवटी वर करून बघितली आणि पहिलं विचारलं, "जेवते कशात?" कुंद्याचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा होता तिचा. तो काढून स्टीलची पसरट ताटली दिली, ती रोज साबणानं घासायची, आणि हनुवटी सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात पिळलेल्या कापडानं पाचेक मिनिटं शेकायची, एवढंच. काही आठवड्यांत दाणे गेले. अधूनमधून परत यायचे, तेव्हा परत शेक. तुमच्याकडं कुणाला झालंय का?

खानापूरकर
आमच्या सोन्याला हाय की! मी खोबरेल लावतोय, दाणे मऊ पडून निघतात. पण एक कळेना. आमच्यात प्लॅस्टिक नाहीच, कुंभाराकडची मातीची परळ हाय. मग त्याला का झालं?

वडगावची आई
माझ्या लेकीला पण हनुवटीवरच येतात, दहावीचं टेन्शन. तिला पण शेक चालेल का?

शहापूरची मावशी
@वडगावची आई अगो, मांजराचं चाललंय इथं 😄 लेकीला चामडीच्या डॉक्टरांना दाखव.

चिकोडीचा गुरांचा डॉक्टर
मांजराच्या हनुवटीत तेलग्रंथी भरपूर असतात. दारं, खुर्च्या, तुमचे पाय यांना हनुवटी घासून ते आपला वास लावतं, तो त्यांचाच. तिथं केसांच्या मुळाशी तेल आणि मेलेली कातडी अडकली की काळा दाणा होतो. हे कशानं सुरू होतं ते नक्की कुणाला सांगता येत नाही. प्लॅस्टिकवर संशय अशासाठी की त्याला बारीक चरे पडतात, चऱ्यांत तेलकटपणा आणि जंतू बसतात, घासून निघत नाहीत, आणि प्रत्येक घासाला हनुवटी तिथंच टेकते. एखाद्या मांजराला प्लॅस्टिकच सोसत नसेल. पण सगळं पुराव्यानं पक्कं झालेलं नाही. मावशींनी भांडं बदललं, घासणं वाढवलं आणि शेकही दिला, त्यातलं नेमकं कशानं गेलं कसं सांगणार?

खानापूरकर, तुमची परळ बिनझिलईची असेल तर तीही तेल पिते. स्टील, काच किंवा चकचकीत चिनीमाती घ्या. खोबरेलानं दाणे मऊ पडतात हे खरं, पण आधीच तेलानं बुजलेल्या जागी आणखी तेल जातं. त्यापेक्षा शेक द्या आणि पुसून कोरडं करा.

बेक्कूप्रेमी
आमच्या शेजारच्या अज्जी डेटॉलचं पाणी लावा म्हणतात. चालतं न्हवं?

चिकोडीचा गुरांचा डॉक्टर
अजिबात नको. त्यातलं औषध मांजराच्या यकृताला निचरा करता येत नाही आणि ते चाटून पोटात जातं. टी ट्री तेलही तसंच विषारी. माणसांची पिंपल्सची क्रीमं कातडी भाजतात. डॉक्टर क्लोरहेक्सिडीनचं पातळ औषध देतात, ते त्यांनी सांगितलेल्या प्रमाणातच लावा. आणि दाणे नखानं फोडू नका, आत फुटले की जंतू खोल जातात. नुसते काळे दाणे असतील आणि मांजर मजेत असेल तर घाई नाही. हनुवटी सुजली, पू किंवा रक्त आलं, हात लावू देईना, तर मात्र घरात थांबू नका. तिथं कधी कधी पोटातून अँटिबायोटिक लागतं.

कॅम्पातली
आमचा चिंट्या स्टीलचं भांडं पायानं ढकलत न्हेतो, रात्री नुसता खणखणाट. कुणाकडं उपाय?

खानापूरकर
@कॅम्पातली खाली ओलं पोतं घाला. डॉक्टर, तेल आजपासून बंद. सोन्याच्या पाण्याचं भांडं पण बदलू काय?

चिकोडीचा गुरांचा डॉक्टर
हो, पाण्याचं आधी. हनुवटी तिथंही बुडते. रोज घासा, नुसतं विसळू नका.

बेक्कूप्रेमी
बरं, डेटॉल नाही. पण आमच्या बोक्याच्या हनुवटीवरचे केस गोल चकतीसारखे गेलेत आणि माझ्या धाकट्याच्या दंडावर पण लाल गोल आलाय. हेच असेल काय?

चिकोडीचा गुरांचा डॉक्टर
हे वेगळं वाटतंय. गजकर्ण असू शकतं, ते मांजराकडून माणसाला लागतं. बोक्याचे केस आणि खपली तपासायला द्या, पोराला त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडं न्या. तोवर बोका अंथरुणात नको.

बेक्कूप्रेमी
उद्या सकाळीच जातो. अज्जींच्या मांडीवर पण बसतोय तो, त्यांना पण सांगतो.