अनुभव धागा: परदेशी हॉटेलची पाटी, जादा आकार आणि आपला मेल

परदेशात हॉटेलच्या काउंटरवर लावलेल्या पाटीचा फोटो काढून, नंतर भाषांतर करून, हॉटेलला मेल टाकायची वेळ कुणाकुणावर आली? काय लिहिलंत, काय उत्तर आलं, ते इथे सांगा. सुरुवात मी करते.

रोममध्ये थ्री-स्टार हॉटेलात चार रात्री होतो. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि आठ वर्षांची लेक. निघताना मुक्काम-कर म्हणून १२० युरो रोख घेतले. घाईत पाटीचा फोटो तेवढा काढला आणि ट्रेनमध्ये बसल्यावर मोबाइलवर भाषांतर केलं. माणशी रात्रीला ६ युरो, जास्तीत जास्त १० रात्री, आणि खाली बारीक अक्षरात: दहा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलांना माफ. चार जणांचे ९६ व्हायला हवेत, म्हणजे २४ युरो जास्त गेले होते.

मेल इंग्रजीत लिहिला, मतितार्थ असा: "बुकिंग क्रमांक अमुक, मुक्काम या तारखांना. तुमच्या पाटीचा फोटो व पावती जोडली आहे. पाटी इटालियनमध्ये आहे, मी भाषांतर करून वाचली. वाचण्यात काही चुकलं असेल तर कृपया सांगावे. पाटीप्रमाणे दहा वर्षांखालील मुलांना हा कर नाही. पावतीवर मात्र पाच जणांचे चार रात्रींचे पैसे आहेत. हिशेब बरोबर असेल तर कारण कळवावे, नसेल तर २४ युरो कसे परत मिळतील ते सांगावे." चोर-लबाड असे शब्द मुद्दाम टाळले. उत्तर आलं: मुलीच्या वयाचा पुरावा पाठवा.

प्रवासीकाका: पासपोर्ट पाठवू नकोस ताई. इटलीत हॉटेलला प्रत्येक पाहुण्याची नोंद २४ तासांच्या आत पोलिसांच्या पोर्टलवर करावी लागते, म्हणून तर चेक-इनला पासपोर्ट घेतात. मुलीची जन्मतारीख त्यांच्याकडे आहेच. "तुमच्या चेक-इन नोंदीत पाहा" एवढंच लिही. फारच अडून बसले तर नंबर झाकून जन्मतारखेचा भाग दे. आणि लांबण लावू नकोस. हॉटेल हा कर गोळा करून रोमच्या पालिकेत तिमाहीला भरतं. भरल्यावर सुधारणा करायची म्हणजे त्यांना कटकट, मग उत्तरं येईनाशी होतात. मी टूर्समध्ये नोकरी केली, तिथे हेच पाहिलं.

खडूस_नाशिककर: कसला कर नि कसलं काय! बुकिंग करताना पैसे भरले की वर काही मागताच येत नाही. कार्ड कंपनीला सांगून व्यवहार उलटवा.

प्रवासीकाका: अर्धं बरोबर. हॉटेलने स्वतःचा काही आकार आयत्या वेळी काढला तर भांडायला जागा आहे. पण हा पालिकेचा कर, आणि 'हॉटेलात भरावा लागेल' असं बहुतेक वेळा बुकिंगच्या कन्फर्मेशनमध्ये खाली लिहिलेलं असतं. ती ओळ मेल लिहायच्या आधी वाचावी. शिवाय ताईंनी रोख दिलेत, कार्ड कुठून आणणार?

मृण्मयी_दुबई: आमच्याकडे उलटं. इथे 'टुरिझम दिरहॅम' खोलीवर असतो, माणसांवर नाही. आई-बाबांना ठेवलं होतं त्या हॉटेलने दोघांचा वेगवेगळा लावला. फोटो आणि "खोली एकच, दर रात्री एकदाच" एवढी दोन ओळींची मेल टाकली, त्याच संध्याकाळी बिल दुरुस्त झालं. त्यामुळे आधी कर कशावर आहे ते पाहा: माणूस, खोली की भाड्याची टक्केवारी. ॲमस्टरडॅमला भाड्याच्या साडेबारा टक्के आहे, तिथे डोकी मोजून उपयोग नाही.

साताऱ्याची_सून: माझा प्रश्न जरा वेगळा. जपानात गरम पाण्याच्या झऱ्याच्या हॉटेलात माणशी १५० येन आंघोळीचा कर लावला. सगळ्यांसमोर उघडं व्हायचं म्हणून सासूबाई त्या हौदाकडे फिरकल्याही नाहीत! मेल केला की वापरलंच नाही तर कर का? अतिशय नम्र भाषेत, दोनदा माफी मागून, नाही म्हणाले.

खडूस_नाशिककर: म्हणजे न्हाण नाही आणि पैसे मात्र गेले. याला मी म्हणतो लूट.

साताऱ्याची_सून: १५० येन हो, त्यासाठी भांडायचं? मला फक्त नियम कळायला हवा होता. मुलांना सूट होती म्हणे, पण ते पाटीवर नव्हतं.

धागाकर्ती: काका, तुम्ही सांगितलं तसं लिहिलं. उत्तर आलं की नोंद सापडली, पैसे परत करू, पण बँकेने पाठवायचे तर त्यांना खर्च येतो, तेव्हा पुढच्या मुक्कामात वळते करू का? पुढचा मुक्काम कधी व्हायचा! काय उत्तर द्यावं?

प्रवासीकाका: खर्च वजा करून उरलेले पाठवा म्हण. त्यांचा बँकखर्च किती ते आकड्यात विचार. पण २४ युरोतले १५ जर बँकच खाणार असेल, तर तुझं तूच ठरव.