अनुभव धागा: उबदार वाटणारा ग्रे कसा निवडलात?

पाऊलवाट: हॉलच्या भिंतींना ग्रे द्यायचाय. खिडकी उत्तरेला, ऊन थेट येत नाही. दवाखान्यासारखं गार वाटायला नको. ज्यांच्या घरी ग्रे खरंच उबदार दिसतो त्यांनी कसा निवडला ते सविस्तर लिहा ना, नुसती शेडची नावं नकोत.

चांदणचुरा: आम्ही अगदी फिकट घेतला. ग्रे जितका लाइट तितका कमी गार दिसतो.

रंगरेषा: रंगकामाची कामं घेते म्हणून लिहिते. फिकट असला म्हणून गार दिसणार नाही असं नाही, उलट फिकट निळसर ग्रेच सगळ्यात जास्त दवाखाना दिसतो. ग्रेच्या पोटात कुठला रंग आहे ते बघायचं. शेड कार्डावर त्याच पट्टीतली सगळ्यात गडद शेड बघ, तिथे निळा, जांभळा, हिरवा की मातकट ते लगेच उघडं पडतं. उत्तरेच्या खिडकीतून नुसता आकाशाचा उजेड येतो आणि तो मुळातच निळसर, त्यामुळे भिंतीवर शेड कार्डपेक्षा गार दिसते.

अशाच एका खोलीसाठी तीन ग्रे काढले होते. दोन फुटी बोर्डांवर दोन-दोन हात मारले, कडेला पांढरी पट्टी सोडली म्हणजे जुन्या भिंतीचा रंग डोळ्याला फसवत नाही, आणि बोर्ड भिंतीला उभे लावून सकाळ, दुपार, रात्री दिवे लावून बघितले. पहिला दुपारी चक्क निळा, दुसरा जांभळट. तिसरा कार्डवर इतका मातकट की घरच्यांनी आधी नकोच म्हटलं होतं, पण त्या भिंतीवर तोच साधा, उबदार ग्रे दिसला. उत्तरेच्या खोलीला कार्डवर जरा जास्तच तपकिरी वाटणारा घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

धुकं: आमच्याकडे बाथरूमला ग्रे टाइल्स आहेत, ग्राउट पांढरं घेतलं तर फार क्लिनिकल दिसेल का?

उंबरठा: रंग तोच ठेवून दिवे बदलले आम्ही, 6500 केल्विनचे पांढरे काढून 3000 चे पिवळसर लावले. रात्री खोली ओळखू येत नाही इतका फरक, दिवसा मात्र जैसे थे.

सांजवेळ: मातकट ग्रे आमच्या पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी गुलाबी दिसतो हो, म्हणून सरसकट घेऊ नका.

रंगरेषा: @सांजवेळ फरशी किंवा लाकूड लालसर आहे का? त्याची झाक भिंतीवर पडते, वर मावळतीचं ऊन. तिथे पिवळट-हिरव्याकडे झुकणारा बोर्ड लावून बघा.

सांजवेळ: फरशी लालच आहे. पण हिरवट झाक मग दिवसा आजारी नाही का वाटणार?

पाऊलवाट: माझी फरशी पांढरी आहे, म्हणजे गुलाबीची भीती नसावी. तीन बोर्ड आणतेय, त्यातला एक मुद्दाम मातकट.